नफा १४ लाख ७० हजार, बँकेत ८० हजार

मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगला लागणारे पितळी स्टेम, नट आणि टर्मिनल बनतात. तीन ट्रॉब, दोन लेथ, एक जुनं सीएनसी आणि अकरा माणसं. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मरचे कारखाने बरेच असल्यामुळे कामासाठी फार फिरावं लागत नाही. मशीनकडे हे बघतात, हिशेब माझ्याकडे. सकाळी दांडिया बाजारातल्या घरचं आवरून मी अकराला शेडवर पोचते आणि संध्याकाळपर्यंत टॅलीपुढे असते. बारा वर्षं हेच चाललंय, त्यामुळे आकडे मला परके नाहीत. तरीही २०२४ च्या जुलैपर्यंत मी एकही कॅश फ्लो स्टेटमेंट बनवलं नव्हतं. आमच्यासारख्या एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ते कायद्याने करावं लागत नाही. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद झाला की सीए सही करतात आणि वर्ष संपतं.

त्या वर्षी दुसरं सीएनसी घ्यायचं ठरलं. किंमत २४ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख ३२ हजार. बँकेकडे १८ लाखांचं टर्म लोन मागितलं. कोटेशन, दोन वर्षांची रिटर्न, ताळेबंद, उद्यम प्रमाणपत्र आणि आमच्या सीएंनी केलेला पुढच्या पाच वर्षांचा अंदाज, असा सगळा गठ्ठा दिला. दोन आठवड्यांनी कर्ज विभागातल्या मॅडमचा फोन आला, हिशेब बघणाऱ्यांना पाठवा म्हणून.

मॅडमनी ताळेबंद उघडूनच ठेवला होता. म्हणाल्या, "बेन, नफा १४ लाख ७० हजार आहे. मग मार्चअखेर खात्यात आणि गल्ल्यात मिळून ८० हजारच कसे? आधीच्या मार्चला तर ६ लाख ३० हजार होते. आणि सीसी साडेसहा लाखांनी वाढलीय. नफा गेला कुठे, ते मला एका कागदावर दाखवा. नव्या मशीनचा हप्ता कुठल्या पैशातून जाणार, ते दुसऱ्या कागदावर." सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज.

सीएंना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मी करून देतो, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम." पण मला ते स्वतः करायचं होतं. त्यांच्याकडे वर्षअखेरचे आकडे असतात. कुठलं बिल कधी निघालं आणि त्याचे पैसे कधी आले, ते माझ्याकडे असतं. त्यांनी फक्त पद्धत समजावून सांगावी एवढी विनंती मी केली. त्यांनी ती आनंदाने मान्य केली.

पद्धत अशी. नफ्यापासून सुरुवात करायची. ज्या खर्चात रोख गेलीच नाही तो परत मिळवायचा, आमच्याकडे तो म्हणजे घसारा. व्याजही इथे मिळवून घ्यायचं, कारण ते खाली कर्जाच्या भागात वेगळं दाखवायचं असतं. मग दोन मार्चचे ताळेबंद शेजारीशेजारी ठेवून प्रत्येक ओळीतला फरक घ्यायचा. येणी किंवा माल वाढला तर तेवढी रोख अडकली, म्हणून वजा. देणी वाढली तर तेवढी रोख हातात राहिली, म्हणून अधिक. हा झाला धंद्यातून आलेला पैसा. त्यानंतर मशीनरीत घातलेला पैसा, शेवटी कर्जं, व्याज आणि घरची उचल. तिन्ही भागांची बेरीज बँक आणि गल्ल्यातल्या शिलकेच्या फरकाएवढी आली पाहिजे. आमच्या बाबतीत ती ५ लाख ५० हजार घट यायला हवी होती.

माझी बेरीज ३ लाख १० हजार घट आली. फरक २ लाख ४० हजारांचा.

दोन दिवस मी तो शोधला. वजाबाक्या पुन्हा केल्या, मागच्या वर्षीच्या ताळेबंदातला आकडा चुकून उचललाय का तेही पाहिलं. शेवटी वेगळ्या बाजूने गेले: वर्षभराच्या खातेवहीत २ लाख ४० हजार हा आकडा कुठे आहे का? होता, सीसीवरचं वर्षाचं व्याज. वर ३ लाख ६० हजार व्याज मी मिळवून घेतलं होतं, पण खाली कर्जाच्या भागात फक्त टर्म लोनचं १ लाख २० हजार लिहिलं होतं. सीसीचं व्याज आम्ही चेकने भरत नाही, बँक ते दर महिन्याला त्याच खात्यात नावे टाकते. म्हणून माझ्या मनात ते "भरलेलं" नव्हतंच. पण खरं तर बँकेने आम्हाला तेवढं आणखी कर्ज दिलं आणि त्याच पैशाने व्याज वसूल केलं. सीसी साडेसहा लाखांनी वाढली त्यात हे २ लाख ४० हजार धरलेले आहेत, मग व्याजाच्या ओळीतही ते यायलाच हवेत. फरक राहिला की आधी तोच आकडा खातेवहीत शोधायचा, नाही सापडला तर त्याच्या निम्मा शोधायचा. अधिकच्या जागी वजा झालं असेल तर फरक दुप्पट दिसतो.

ताळा जुळला म्हणून मी कागद सीएंना दाखवायला गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "देण्यांमध्ये काय काय आहे?" आमची देणी १९ लाख ६० हजारांवरून २४ लाख १० हजारांवर गेली होती, म्हणजे साडेचार लाखांची वाढ. मी ती सगळी धंद्यातून आलेल्या पैशात अधिक केली होती. पण त्यातले २ लाख १० हजार मार्चमध्ये घेतलेल्या कॉम्प्रेसरचे होते, जे आम्ही एप्रिलमध्ये चुकवले. पितळी रॉडवाल्याने उधार दिलं तर तो रोजच्या धंद्याचा भाग. कॉम्प्रेसरवाल्याने उधार दिलं तर मशीनरीत अजून पैसा घातलेलाच नाही एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ते २ लाख १० हजार देण्यांतून काढले आणि मशीनरीची खरेदी ५ लाख ६० हजारांऐवजी साडेतीन लाख दाखवली. एकूण बेरीज तीच राहिली, पण धंद्यातून आलेला पैसा ६ लाख ७० हजारांवरून ४ लाख ६० हजारांवर आला. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा वाईट, असं मला वाटतं. ताळा जुळत असतो, त्यामुळे कुणी पुन्हा बघत नाही. आणि बँक नेमका हाच आकडा बघते.

शेवटी जो कागद तयार झाला तो असा, सगळे आकडे लाखांत:

नफा १४.७०
घसारा + ५.४०
व्याज + ३.६०
येणी वाढली − १५.५०
माल वाढला − ५.२०
जीएसटी क्रेडिट आणि आगाऊ रकमा वाढल्या − ०.८०
धंद्याची देणी वाढली + २.४०
धंद्यातून आलेला पैसा ४.६०

मशीनरी − ३.५०

सीसी वाढली + ६.५०
दिरांकडून घेतलेले + ३.००
जुन्या टर्म लोनची परतफेड − ३.६०
व्याज − ३.६०
घरची उचल − ८.९०
कर्जं आणि मालक − ६.६०

वर्षभरात रोख घटली ५.५०

हा कागद रात्री मी ह्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ एकाच ओळीकडे बघत राहिले, येण्यांच्या. वर्षभर त्यांनी रात्रपाळ्या लावून माल काढला होता, विक्री १ कोटी ५२ लाखांवरून १ कोटी ८० लाखांवर नेली होती. त्या मेहनतीतले साडेपंधरा लाख दुसऱ्याच्या खात्यात पडून होते. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "म्हणजे आपण त्यांना कर्ज देतोय आणि बँकेकडून आपण घेतोय."

उचलीच्या ओळीवरही बोलणं झालं. ८ लाख ९० हजार हा आकडा आम्हा दोघांनाही मोठा वाटला. पण त्यात मुलाची फी, विम्याचे हप्ते आणि ह्यांचा आयकरही होता. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात आयकर मालकाचा असतो, धंद्याच्या खात्यातून भरला तरी तो उचलीतच जातो. कंपनी असती तर तोच कर वर, धंद्याच्या पैशातून वजा झाला असता. म्हणून बँकेला कागद देताना उचलीतला कर किती आणि घरखर्च किती, हे मी खाली वेगळं लिहिलं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, घरी फारच नेतात.

मॅडमनी कागद वाचला आणि कॅल्क्युलेटर घेतला. हप्ते फेडण्याची ताकद बघायचं बँकेचं गणित, डीएससीआर म्हणतात त्याला, अगदी साधं आहे: नफा, घसारा आणि टर्म लोनचं व्याज यांची बेरीज, भागिले वर्षाचा मुद्दल हप्ता अधिक टर्म लोनचं व्याज. नवं लोन साठ हप्त्यांचं, महिन्याला ३० हजार मुद्दल, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. जुन्याचेही तेवढेच. दोन्हीचं व्याज साधारण २ लाख ६० हजार. वर्षाला एकूण ९ लाख ८० हजार फेडायचे. आमचे गेल्या वर्षीचे आकडे घातले तर वर २१ लाख ३० हजार येतात, भागाकार २.१७. सीएंच्या अंदाजपत्रकात असंच काहीसं होतं आणि ते छान दिसत होतं.

"आता उचल वजा करा," मॅडम म्हणाल्या. घर चालल्याशिवाय धंदा चालत नाही. १२ लाख ४० हजार राहिले, भागाकार १.२७.

"आणि आता तुमच्याच कागदातला पैसा घ्या." ४ लाख ६० हजार भागिले ९ लाख ८० हजार. अर्धासुद्धा नाही, आणि त्यातून उचलही वजा केलेली नव्हती.

एकाच वर्षाची ही तीन उत्तरं. पहिल्या दोन्ही उत्तरांत विकलेल्या मालाचे पैसे आलेत असं गृहीत धरलेलं आहे. मॅडमचं म्हणणं असं की, धंदा वाढत्या वर्षात तिसरा आकडा खाली जातोच, त्याने त्या घाबरत नाहीत. पण येणी अशीच वाढत राहणार की कुठे थांबणार, हे कळल्याशिवाय फाइल पुढे पाठवणार नाहीत. दिरांचे तीन लाख लोन फिटेपर्यंत परत घेणार नाही, असं भाऊजींकडून लिहून आणायलाही त्यांनी सांगितलं. भाऊजी पुण्याला असतात, त्यांनी दुसऱ्याच दिवशी सही करून पाठवलं.

मग मी येण्यांत शिरले. पहिली गोष्ट दिवसांची. मार्चअखेर येणी ४७ लाख, वर्षाची विक्री १ कोटी ८० लाख, म्हणजे ९५ दिवसांची येणी, असं सीएंच्या तक्त्यात होतं. पण येण्यांत जीएसटी धरलेला असतो आणि नफा-तोटा पत्रकातल्या विक्रीत नसतो. विक्रीला १८ टक्के लावून २ कोटी १२ लाख ४० हजार केले की ८१ दिवस येतात. त्याच पद्धतीने आधीच्या वर्षीचे ६४. म्हणजे एका वर्षात १७ दिवसांनी पैसे लांबले.

दुसरी गोष्ट, ८१ हा सरासरी आकडा कुणाचाच नव्हता. टॅलीत बिलवार येणी ठेवलेली असल्याने प्रत्येक बिलाची तारीख आणि त्याच्या पैशाची तारीख मी एका वहीत मांडली. दोन दिवस लागले. त्यातून दिसलं की छोटी चार गिऱ्हाइकं सरासरी ४८ दिवसांत पैसे देतात. एक मोठा ट्रान्सफॉर्मर कारखाना ९७ दिवस लावतो, आणि दोन तृतीयांश विक्री त्याच एकाला. वाढलेलं सगळं काम त्याचंच होतं. आमच्या वाढीचा अर्थ एवढाच होता की, जास्त माल सगळ्यात उशिरा पैसे देणाऱ्याला जात होता.

दुसऱ्या कागदासाठी, म्हणजे पुढच्या बारा महिन्यांच्या महिनावार तक्त्यासाठी, हे फार उपयोगी पडलं. आधीच्या अंदाजात सगळ्या विक्रीचे पैसे साठ दिवसांत येतात असं धरलं होतं. मी गिऱ्हाइकवार मांडलं: मोठ्या कारखान्याचं बिल सव्वातीन महिन्यांनी, बाकीच्यांचं दीड महिन्याने. येणारे आणि जाणारे सगळे आकडे जीएसटीसकट. पगार ७ तारखेला, जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, वीजबिल, प्लेटिंगवाल्याची मजुरी, जुन्या लोनचा हप्ता, घरखर्च. आणि शिल्लक म्हणजे नुसती रोख नाही, रोख अधिक २५ लाखांच्या सीसीत उरलेली जागा. छोट्या कारखान्याला श्वास तिथूनच मिळतो, म्हणून महिन्याच्या शेवटी ही बेरीज किती, एवढंच बघायचं.

पहिला तक्ता मशीन सप्टेंबरात येईल असं धरून केला. बँक १८ लाख थेट मशीनवाल्याला देणार होती. उरलेले ६ लाख आमचे, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यासाठी साडेसहा लाखांची घरची मुदत ठेव बाजूला ठेवली होती. जीएसटीचे ४ लाख ३२ हजार मात्र आम्ही कुणीच मनावर घेतले नव्हते. "ते तर परत मिळतात," असंच सगळे म्हणत होते. आणि त्याच कारणाने बँक त्यावर कर्ज देत नव्हती. परत मिळतात हे खरं, पण चेक येत नाही. पुढच्या महिन्यांच्या विक्रीवर जो कर भरायचा, त्यातून ते वळते होतात. आमची महिन्याची विक्री १५ लाख, त्यावर कर २ लाख ७० हजार. खरेदी आणि मजुरीवरचं क्रेडिट साधारण १ लाख ८० हजार. म्हणजे रोखीने भरायचे दरमहा ९० हजारच. ४ लाख ३२ हजार वळते व्हायला जवळजवळ पाच महिने लागणार. तोवर तो पैसा आमच्याच खिशातून गेलेला.

सप्टेंबर असा निघाला: सुरुवातीला ३ लाख ४० हजार, ठेव मोडून ६ लाख ५० हजार, गिऱ्हाइकांकडून १६ लाख ८० हजार. नेहमीचा खर्च १७ लाख २० हजार, मशीनचे आमचे १० लाख ३२ हजार. महिन्याच्या शेवटी ८२ हजार कमी. ऑक्टोबरमध्ये दिवाळी. जीएसटीचे ९० हजार वाचले, पण बोनसचे १ लाख ६० हजार आले, आणि वसुली १६ लाख २० हजार. शेवटी २ लाख ५२ हजार कमी, म्हणजे सीसीची मर्यादा ओलांडून तेवढे. बँक तेवढे देत नाही. चेक परतला असता, बोनस थांबला असता किंवा रॉडवाल्याचे पैसे. आणि हे सगळं नफ्यातल्या वर्षात, भरपूर ऑर्डर हातात असताना.

तक्त्यात आणखी एक खड्डा दिसला, तो मला आधी कधी कळला नव्हता. दिवाळीत आमची बरीच माणसं गावी जातात आणि छठ पूजा झाल्यावरच परततात. नोव्हेंबरात माल जेमतेम निम्मा निघतो. पण नोव्हेंबरात पैशाची चणचण नसते, कारण तेव्हा पावसाळ्यातल्या बिलांचे पैसे येत असतात. खड्डा पडतो फेब्रुवारीत, सव्वातीन महिन्यांनी. दर फेब्रुवारीत हात आखडलेला असतो आणि आम्ही दरवेळी त्या महिन्यातलंच काही कारण काढायचो.

मग उपाय. माल देणाऱ्यांना उशिरा पैसे देणं हा एक मार्ग लोक सांगतात. तो आम्ही घेतला नाही. आमच्या पुरवठादारांतले काही आमच्यासारखेच छोटे उत्पादक आहेत. २०२३-२४ पासून अशांचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत आणि वर्षअखेर थकले, तर तो खर्च आयकरात त्या वर्षी मिळत नाही. आणि कायदा नसता तरी, जे आमच्यावर होतंय ते त्यांच्यावर करायला मन झालं नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. मशीन डिसेंबरवर ढकललं. ह्यांना ते जड गेलं, मोठ्या ऑर्डरचा शब्द दिलेला होता. पण तक्ता बघून त्यांनीच मशीनवाल्याला फोन केला. दुसरी गोष्ट, मोठ्या कारखान्याच्या हिशेब विभागात जाऊन आम्ही ट्रेड्सवर बिलं घेण्याची विनंती केली. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी ही ऑनलाइन व्यवस्था आहे. आपण बिल चढवायचं, गिऱ्हाइकाने ते मान्य करायचं, आणि बँका त्यावर बोली लावून वटवतात. गिऱ्हाइकाने मुदतीत पैसे दिले नाहीत तर बँक आपल्याकडे येत नाही, त्याच्याकडे जाते. व्याजाचा दर गिऱ्हाइकाच्या पतपात्रतेवर ठरतो, म्हणून आम्हाला तो सीसीच्या व्याजापेक्षा थोडा कमी पडला. पुरवठादाराला ४५ दिवसांच्या कायद्याखाली तक्रारही करता येते, हे आम्हाला माहीत होतं. पण दोन तृतीयांश काम ज्याच्याकडून येतं त्याच्यावर तक्रार करणं सोपं नसतं. बोलून सुटत असेल तर ते बरं, असं आम्ही ठरवलं.

तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला ते कबूल झाले, पण फक्त नव्या बिलांना, आणि मालाची तपासणी झाल्यावरच. म्हणजे माल पोचल्यापासून साधारण पंधरा दिवसांनी बिल मान्य होणार. जुने पैसे जेव्हा यायचे तेव्हाच येणार.

तक्ता पुन्हा मांडताना मला हात आवरता घ्यावा लागला. सगळी बिलं वीस दिवसांत वटतील असं लिहिलं असतं तर आकडे सुंदर दिसले असते. मी निम्मीच धरली, कारण मान्यता देणारा मनुष्य रजेवर गेला की काय होतं ते माहीत आहे. शिवाय वटवणावळ खर्चात टाकली आणि वटवलेली बिलं सीसीसाठी बँकेला दर महिन्याला देतो त्या येण्यांच्या यादीतून काढली. एकाच बिलावर दोन ठिकाणी पैसे घेता येत नाहीत, आणि हे विसरलं तर सीसीतून उचलता येणारी रक्कम कागदावर फुगलेली राहते. आणखी एक गोष्ट तक्त्यानेच दाखवली: पैसे लवकर येण्याचा फायदा एकदाच मिळतो. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत जुन्या आणि नव्या बिलांचे पैसे एकत्र येतात, तेव्हा वसुली विक्रीपेक्षा जास्त दिसते. नंतर ती पुन्हा विक्रीएवढीच होते. त्या दोन-तीन महिन्यांतला जास्तीचा पैसा मशीनसाठी आणि फेब्रुवारीसाठी राखून ठेवला, तरच तो उपयोगी. माल भरण्यात घातला असता तर पुन्हा जैसे थे.

नव्या तक्त्यात सगळ्यात तंग महिना फेब्रुवारी २०२५ निघाला, शिल्लक १ लाख ४० हजार. एकाही महिन्यात उणे नाही. मॅडमनी तो घेतला आणि मोठ्या गिऱ्हाइकाची वसुली आणखी पंधरा दिवस लांबली तर काय, असा वेगळा तक्ता मागितला. त्यात फेब्रुवारी उणे दाखवत होता आणि मी तो तसाच दिला. खाली लिहिलं की असं झालं तर ह्या महिन्यात घरची उचल निम्मी करू आणि रॉडची एक गाडी कमी घेऊ. मॅडमनी त्या ओळीवर पेन्सिलने खूण केली, बोलल्या काही नाहीत.

ऑक्टोबरात मंजुरीचं पत्र आलं. १८ लाख, सहा महिने सवलतीचे, मग साठ हप्ते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मशीन शेडमध्ये उतरलं, क्रेन आत येईना म्हणून शटरचा एका बाजूचा खांब काढावा लागला. फेब्रुवारीअखेर शिल्लक ९५ हजार राहिली, तक्त्यापेक्षा ४५ हजारांनी कमी. रॉडच्या दोन गाड्या चढ्या भावाने घ्याव्या लागल्या होत्या.

आता दर महिन्याच्या ५ तारखेला मी तक्त्याच्या शेजारी खरा आकडा लिहिते, आणि दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल त्या ओळीपुढे कारण. जून २०२५ मध्ये नव्या लोनचा पहिला हप्ता गेला. त्या दिवशी सीसीत २ लाख ७० हजारांची जागा होती. तक्त्यात मी ३ लाख १० हजार लिहिले होते. फरक एका छोट्या गिऱ्हाइकाच्या बिलाचा, ते तीन दिवसांनी जमा झालं.